कंपनीच्या ऑडिटचा राजीनामा – संचालक मंडळासाठी
सांगली, ४ ऑगस्ट २०२५

अण्णा आणि संचालक मंडळातले सगळे,

आजपासून मी कंपनीच्या स्टॅच्युटरी ऑडिटरपदाचा राजीनामा देतोय. २०२३ च्या एजीएममध्ये तुम्ही मला पाच वर्षांसाठी नेमलं होतं, म्हणजे मुदत २०२८ पर्यंत आहे, तरी मधेच सोडतोय. फीचा काही वाद नाही, ती वेळेवर मिळालीय. टॅक्स ऑडिटही मी करणार नाही.

गेल्या आठवड्यात फोनवर तुम्ही म्हणालात की कारण "वैयक्तिक अडचण" एवढंच लिहा, आपल्यात कशाला वाढवायचं. अण्णा, ते जमणार नाही. कंपनी कायद्याच्या कलम १४० प्रमाणे राजीनाम्यानंतर ३० दिवसांत मला एडीटी-३ भरून खरी कारणं कंपनीला आणि पुण्याच्या आरओसीला कळवावी लागतात. खाली जे लिहिलंय तेच तिथे जाणार, शब्द सौम्य करून दुसरं काही जाणार नाही.

मुख्य कारण बेदाण्याच्या स्टॉकचं. ३१ मार्च २०२५ ला बुकात स्टॉक ४ कोटी १२ लाखांचा आहे आणि त्याच तारखेचं बँकेला दिलेलं स्टॉक स्टेटमेंट ५ कोटी ६० लाखांचं, म्हणजे १ कोटी ४८ लाखांचा फरक. कारण विचारलं तर आधी सांगितलं की भाव वेगळा धरलाय, मग सांगितलं काही माल दुसऱ्यांचा होता, पण लॉट नंबरवार यादी कुणी दिली नाही. तासगावच्या दोन कोल्ड स्टोरेजना मी थेट पत्र पाठवून किती बॉक्स आहेत ते लेखी मागणार होतो, त्याला तुमच्या ऑफिसने परवानगी नाकारली आणि पावत्यांच्या झेरॉक्स बघा म्हणाले. झेरॉक्सवरून माल आहे की नाही ते कळत नाही आणि ज्याची तपासणी करायची त्यानेच आणून दिलेला कागद पुरावा म्हणून मी धरू शकत नाही. पुस्तकं आणि माहिती मागायचा हक्क मला कलम १४३ ने दिलाय, तो अडवला की ऑडिटमध्ये उरतं काय?

दुसरं कारण एका संचालकांच्या मुलाच्या भागीदारी फर्मला दिलेल्या ८५ लाखांचं. मालाचा ॲडव्हान्स म्हणून नोंद आहे पण वर्षभरात माल आला नाही, करार नाही, बोर्डाचा ठराव नाही. तो व्यवहार कलम १८५ आणि १८८ मध्ये कुठे बसतो ते तपासायला कागद मागितले होते, तेही आले नाहीत. आणि अकाउंटिंग सॉफ्टवेअरचा एडिट लॉग १ एप्रिल २०२३ पासून सक्तीचा आहे, तो फेब्रुवारी-मार्चमध्ये बंद होता, म्हणजे नेमकं वर्ष संपतानाच.

ह्याला मी आज फ्रॉड म्हणत नाहीये, कारण म्हणायला किंवा नाकारायला लागणारे कागदच मला दाखवले नाहीत. पण हातात असलेल्या कागदांतून तसं ठरलं तर कलम १४३(१२) खाली कळवायची जबाबदारी राजीनाम्याने सुटत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आता पुढचं, आणि ह्यात उशीर करू नका. बोर्डाने ३० दिवसांत नवा ऑडिटर नेमायचा, त्याची लेखी संमती आणि पात्रतेचं सर्टिफिकेट आधी घ्यायचं. राजीनाम्यामुळे जागा रिकामी झालीय म्हणून नुसता बोर्डाचा ठराव पुरत नाही, बोर्डाने शिफारस केल्यापासून तीन महिन्यांत सभासदांच्या सभेत मंजुरी लागते आणि नव्या ऑडिटरची मुदत पुढच्या एजीएमपर्यंतच असते. एडीटी-१ वेळेत भरा. नवीन सीए मला आधी पत्र लिहून विचारतील, तसा आमच्या इन्स्टिट्यूटचा नियमच आहे, आणि मी त्यांना हेच सगळं लेखी कळवीन. कोणी न विचारता सही करायला तयार झाला तर त्यालाही त्रास आणि तुम्हालाही.

एजीएमची शेवटची तारीख ३० सप्टेंबर. एवढ्या दिवसांत नवीन माणसाचं ऑडिट होणं अवघड दिसतंय, तर मुदतवाढीचा अर्ज आरओसीकडे तारीख जायच्या आत करा.

एक गोष्ट फार महत्त्वाची. २०२४-२५ च्या बॅलन्सशीटवर माझी सही नाही, युडीआयएनही घेतलेला नाही. बँकेला जे प्रोव्हिजनल आकडे गेलेत ते "ऑडिटेड" म्हणून कुठेही दाखवायचे नाहीत आणि लिमिट रिन्यूअलच्या फाईलमध्ये माझं नाव असेल तर ते काढून बँकेला तसं पत्र द्या, त्याची कॉपी मला पाठवा.

हे पत्र पुढच्या बोर्ड मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर वाचून मिनिट्समध्ये घ्यावं, विशेषतः जे दोन संचालक पुण्याला असतात त्यांच्यापर्यंत ते पोचलंच पाहिजे, त्यांना ह्यातलं काही माहीत नसावं असं मला वाटतं.

तुमच्या व्हाउचरच्या फायली आणि बँक स्टेटमेंट माझ्या ऑफिसात बांधून ठेवलेत. बुधवारी ६ तारखेला माणूस पाठवा, यादीवर सही करून घेऊन जाऊ दे. माझे वर्किंग पेपर्स माझ्याकडेच राहतील.

आपला,
कंपनीचा मावळता ऑडिटर, सनदी लेखापाल, सांगली