छातीत धडधडतंय, पण रिपोर्ट नॉर्मल?
चिंतेच्या त्रासाविषयी माहितीपत्रक. बाह्यरुग्ण विभागात वाटण्यासाठी

ईसीजी झाला, रक्त तपासलं, सगळं नॉर्मल आलं. घरचे म्हणाले, "बघ, काही झालेलं नाही. उगाच मनाला लावून घेतेस." आणि त्याच रात्री पुन्हा छातीत धडधड, घशाला कोरड, हातपाय गार. असं तुमच्या बाबतीत होत असेल तर हे पत्रक तुमच्यासाठी आहे.

रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून त्रास खोटा ठरत नाही. वाटेत साप आडवा आला तर आपण विचार करत बसत नाही. हृदय जोरात पळतं, श्वास भराभर होतो, घाम फुटतो, पोटात गोळा येतो. पळायची नाहीतर लढायची ती तयारी असते. चिंतेच्या त्रासात साप नसतानाही शरीर हीच तयारी करतं, आणि पुन्हा पुन्हा करतं. भराभर श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, म्हणून बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात. ही धडधड आणि या मुंग्या खऱ्याच असतात, तुम्ही नाटक करत नसता. मन कमकुवत असण्याशीही याचा संबंध नाही.

शब्दांबद्दल थोडंसं

हे पत्रक मूळ इंग्रजीत होतं. त्यात जागोजागी 'डिसऑर्डर' आणि 'पेशंट' होते. मराठीत 'मनोविकार' किंवा 'मनोरुग्ण' छापलं असतं तर अर्धे लोक पत्रक बाकावरच ठेवून गेले असते. म्हणून आम्ही 'चिंतेचा त्रास' म्हटलंय, कारण त्रास माणसाला होतो, पण माणूस म्हणजे त्याचा त्रास नव्हे. तुमच्या केसपेपरवर 'अँग्झायटी डिसऑर्डर' लिहिलेलं दिसलं तर दचकू नका, ते याच त्रासाचं डॉक्टरी नाव आहे. मूळ पत्रकात गरम पाण्याच्या टबात निवांत पडून राहण्याचाही सल्ला होता. तो आम्ही काढून टाकला. बादलीभर पाण्यात ते जमणारं नाही.

काळजी तर सगळ्यांनाच असते

बरोबर. मुलीचं लग्न, बँकेचा हप्ता, दहावीचा निकाल यांची काळजी वाटणारच. पण काळजी बहुतेक दिवस पाठ सोडत नाही, झोप उडते, कामात लक्ष लागत नाही, कारण संपलं तरी धास्ती उरते, असं झालं की मदत घ्यावी. काहींना अचानक जीव घाबरा होतो, आता आपण मरणार असंच वाटतं. ही लाट साधारण दहा मिनिटांत शिखरावर जाते आणि मग ओसरू लागते.

छातीत दुखणं पहिल्यांदाच होत असेल, कळ हातात किंवा जबड्यात जात असेल, तर मात्र 'चिंता असेल' म्हणून घरी थांबू नका. १०८ला फोन करा. थायरॉइड आणि रक्त कमी असणं यांनीही धडधड होते, म्हणून आधी तपासणी.

लाट आली की

बसा. चार आकडे मोजत नाकाने श्वास घ्या, सहा आकडे मोजत हळूहळू सोडा. असं दहा वेळा. धडधड लगेच थांबणार नाही, पण उतरेल. दिवसाला सहा-सात कप चहा होत असेल तर निम्मा करा. तंबाखू किंवा मिश्रीने बरं वाटल्यासारखं होतं, पण तिच्यातलं निकोटिन हृदयाचे ठोके वाढवतं.

एसटीत जीव घाबरला म्हणून एसटीच सोडली, तर त्या दिवशी सुटल्यासारखं वाटतं, पण भीती मात्र वाढत जाते. म्हणून आज नुसतं स्टँडवर जाऊन या. पुढच्या आठवड्यात कुणाला तरी सोबत घेऊन एक थांबा.

देवाला जाऊन आधार वाटत असेल तर जरूर जा. फक्त त्यासाठी औषध सोडू नका.

औषधं आणि भीती

"एकदा गोळी सुरू झाली की जन्माची." हे आम्ही रोज ऐकतो. चिंतेवर सहसा देतात त्या गोळ्यांचं व्यसन लागत नाही, मात्र गुण यायला काही आठवडे लागतात आणि त्या एकदम बंद करायच्या नसतात. झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागू शकते. मेडिकलमधून परस्पर घेऊ नका. समुपदेशनानेही बऱ्याच जणांना गुण येतो.

दुसरी भीती ठाण्याची, येरवड्याची. चिंतेच्या त्रासासाठी बहुतेकांना भरती व्हावं लागत नाही. बोलून, गोळ्या घेऊन माणूस घरी जातो. तुमची माहिती गुप्त ठेवणं २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आमच्यावर बंधनकारक आहे.

घरच्यांसाठी

"टेन्शन घेऊ नकोस" म्हटल्याने टेन्शन जात नाही. "मी इथेच बसतो, पाणी देऊ का?" एवढं पुरतं.

कुठे यायचं

मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी ९ ते १२, खोली नंबर ९. दारावर फक्त 'समुपदेशन' लिहिलंय. बोलावताना आम्ही नाव पुकारत नाही, केसपेपरचा नंबर सांगतो.

इथे येणं जमत नसेल तर टेली-मानस, १४४१६. फोन मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. जगणं नकोसं वाटत असेल तर मंगळवारची वाट पाहू नका, आत्ताच लावा आणि जवळच्या कुणाला तरी सोबत बसायला सांगा.

पत्रक घरी न्यायचं नसेल तर इथेच वाचून ठेवून द्या. नंबर तेवढा मोबाइलमध्ये घ्या, हव्या त्या नावाने.