ऋतुजा आणि सौरभ : मेणवलीच्या मांडवात यायचं हं!

१/९
॥ श्री गजानन प्रसन्न ॥
॥ श्री तुळजाभवानी प्रसन्न ॥ ॥ श्री जोतिबा प्रसन्न ॥

चि. सौ. कां. ऋतुजा
(सौ. मीनल व श्री. अनिल पानसे, वाई यांची कन्या)
आणि
चि. सौरभ
(सौ. अंजली व श्री. विवेक इनामदार, कोल्हापूर यांचे चिरंजीव)

यांचा शुभविवाह
रविवार, १३ डिसेंबर २०२६
गोरज मुहूर्त, सायंकाळी ६ वाजून ७ मिनिटे
आमच्या शेतावरच्या घरी, मेणवली रस्ता, वाई

पहिली पत्रिका ढोल्या गणपतीपुढे ठेवली. ही दुसरी, तुमच्या हातात. पुढे सरकवा, सगळं सविस्तर लिहिलंय.

२/९ शनिवार, १२ डिसेंबर
सकाळी ग्रहमख आणि देवदेवक. हे घरच्या घरी आहे, पण वाईत असलात तर अवश्य डोकावा.
दुपारी ४ पासून मेंदी, ओसरीवर. मेंदी काढणाऱ्या दोघीच आहेत, त्यामुळे लवकर आलेल्यांचे हात आधी.
संध्याकाळी ६:३० ला कोल्हापूरकरांचं स्वागत आणि सीमंतपूजन. व्याहीभोजन ८ वाजता : पिठलं, ज्वारीची भाकरी, ठेचा, वांग्याचं भरीत आणि गुळाची पोळी.

३/९ रविवार सकाळ : हळद
९ वाजता आधी सौरभला लागेल. मग त्याची उष्टी हळद घेऊन करवल्या ऋतुजाकडे येतील. हळद आमच्याच शेतातली, गेल्या हंगामात काढून घरी दळलेली. ती कपड्यांवरून जात नाही, तेव्हा जपायचे कपडे या वेळेला नकोत. आजी स्वतः जात्याला सुपारी बांधून हळदीची गाणी म्हणणार आहे. ती गाणी ज्यांना येतात त्या सगळ्या आत्या-मावश्यांनी तिच्या शेजारी बसावं. वयाच्या ८४ व्या वर्षी तिला साथ हवी असते आणि आम्हाला ती गाणी शिकायची आहेत.

४/९ रविवार संध्याकाळ : लग्न
४:०० फेटे आणि गजरे
४:४५ गौरीहर पूजन
५:३० नवरदेव मांडवात, सोबत सनई-चौघडा (डीजे नाही)
६:०७ मंगलाष्टका, अक्षता
त्यानंतर कन्यादान, मंगळसूत्र, लाजाहोम, सप्तपदी, कानपिळी
८:०० पंगत
९:३० झाल आणि पाठवणी

५/९ एक मनापासून विनंती
अक्षता पडल्या की लग्न लागलं, असं आपण सगळेच धरतो आणि पंगतीकडे वळतो. या वेळी थोडं थांबा. खरं लग्न त्यानंतरच्या पाऊण-एक तासात लागतं. ऋतुजाचा भाऊ तन्मय तिच्या ओंजळीत लाह्या घालेल आणि ती त्या होमात सोडेल. मग तांदळाच्या सात राशींवरून दोघं सात पावलं चालतील. गुरुजी प्रत्येक पावलाचा अर्थ मराठीत सांगणार आहेत, आणि माइक असल्यामुळे मागच्या रांगेतही नीट ऐकू येईल. कानपिळीला तन्मय सौरभचा कान कसा पिळतो, तेही बघण्यासारखं असेल!

म्हणून पंगत मुद्दाम ८ वाजता ठेवली आहे. तोवर गरम कॉफी आणि बटाटेवडे जागेवर फिरतील. लहान मुलं, ज्येष्ठ मंडळी आणि मधुमेह असलेल्यांसाठी मागच्या पडवीत ६:४५ पासूनच पानं मांडलेली असतील. कुणीही उपाशी राहायचं नाही.

अंतरपाट ऋतुजाच्या आजोबांच्या उपरण्याचा आहे. काठाशी एके ठिकाणी रफू केलेलं दिसेल, ते तसंच ठेवलंय. एक मंगलाष्टक सुधाआत्याने रचलंय, ती ते शार्दूलविक्रीडितात म्हणेल. तेवढा वेळ बोलणं आणि फोन बाजूला ठेवूया. फोटोंसाठी दोन फोटोग्राफर आहेत.

अक्षता चिमूटभरच वाटणार आहोत, बाकी शेवंतीच्या पाकळ्या. दोन्ही वधूवरांवर हलकेच टाका, लांबून भिरकावू नका.

६/९ काय घालायचं?
हळदीला : पिवळं किंवा पांढरं, सुती, धुवायला सोपं.

लग्नाला : नऊवारी, पैठणी, इरकल, खण, जे कपाटात वाट बघत असेल ते. नवीन घ्यायची काहीच गरज नाही, आईची जुनी साडी नेसून आलात तर आम्हाला जास्त आनंद होईल. नऊवारी नेसवून द्यायला मंदामावशी ३ पासून माजघरात आहे. पुरुषांनी धोतर किंवा झब्बा-पायजमा. फेटे आम्ही देऊ. बांधणारे दोघं आहेत आणि ५:१५ ला थांबतील, कारण त्यांनाही मुहूर्त बघायचाय.

मुहूर्ताला काळा रंग नको, आजीची तेवढी इच्छा आहे.

मांडव सारवलेल्या अंगणात आहे. टोकदार टाचा जमिनीत रुततात, चपटी चप्पल घाला. आणि डिसेंबर आहे, कृष्णा अगदी जवळ आहे. सूर्य मावळला की गारवा एकदम चढतो. शाल, स्वेटर, लहान मुलांना कानटोपी आठवणीने आणा.

७/९ यायचं कसं?
पुण्याहून (साधारण ९० किमी) : सातारा महामार्गाने शिरवळ, खंबाटकी घाट, मग सुरूर फाटा. तिथे महामार्ग सोडून वाई-पाचगणीची पाटी धरा. शनिवार-रविवारी महाबळेश्वरला जाणाऱ्यांची गर्दी असते आणि घाटात गाड्या खोळंबतात. रविवारी येणार असाल तर दुपारी १२ च्या आत निघा.

मुंबईहून : द्रुतगती मार्ग संपल्यावर पुणे शहरात न शिरता बाह्यवळणाने कात्रजकडे या, पुढे वरीलप्रमाणे.

कोल्हापूर-सांगलीहून : सातारा ओलांडून पाचवडला वाईसाठी वळा. सुरूरपर्यंत यायची गरज नाही.

एसटीने : स्वारगेटहून वाईची किंवा महाबळेश्वरची गाडी. रेल्वेने आलात तर सातारा स्टेशन, तिथून सातारा एसटी स्टँड आणि वाईची गाडी.

वाईतून मेणवली-धोम रस्ता घ्या, साधारण ३ किमी. मेणवली गाव यायच्या अलीकडे डाव्या हाताला मोठं आंब्याचं झाड आणि आंब्याच्या डहाळ्यांची कमान दिसेल. नकाशा कधीकधी उसाच्या शेतातल्या पाणंदीत नेतो. कमान दिसेपर्यंत डांबरी रस्ता सोडू नका. पार्किंग समोरच्या मोकळ्या रानात.

रविवारी ११ ते ५ दर अर्ध्या तासाने वाई एसटी स्टँडवरून आमची गाडी सुटेल, पुढच्या काचेवर "ऋतुजा-सौरभ" असं लिहिलेलं. परतीची शेवटची फेरी रात्री १०:१५ ला.

८/९ लवकर पोचलात तर
मेणवलीचा घाट बघून या. नाना फडणवीसांचा वाडा आणि त्यामागे कृष्णेची उतरती पायरी. तिथल्या छोट्या देवळात टांगलेली मोठी घंटा चिमाजीअप्पांच्या १७३९ च्या वसई मोहिमेतली, पोर्तुगीज बनावटीची आहे. मुलांना ती नक्की दाखवा. वाईत ढोल्या गणपतीचं दर्शन घ्या. एवढी मोठी मूर्ती एका दगडातली आहे, हे समोर उभं राहिल्यावरच पटतं.

९/९ एवढं कळवा
आहेर आणू नये. मानपानाच्या साड्या, टॉवेल-टोपीही दोन्ही घरांनी मिळून बंद केल्या आहेत, कुणी वाईट वाटून घेऊ नये.

३० नोव्हेंबरपर्यंत तन्मयला व्हॉट्सॲपवर तीन गोष्टी लिहा : किती जण, शनिवारी की रविवारी, मुक्काम आहे का. मुक्कामाची सोय शेजारच्या तीन घरांत आणि वाईतल्या धर्मशाळेत केली आहे. गाद्या-रजया आहेत, पण आकडा वेळेत कळला तर नीट वाटता येतील. जिना चढता न येणारं कुणी सोबत असेल तर तेही लिहा, त्यांना तळमजल्यावरची खोली राखून ठेवू.

आपले,
अनिल-मीनल, आजी, तन्मय आणि समस्त पानसे परिवार

आमच्या ताईच्या लग्नाला नक्की यायचं! – स्वरा, ईशान, चिनू