टोज मॅट्रिक्स: पुढील दोन वर्षांचे पर्याय (संचालक मंडळासाठी)

हाइन्झ वाइरिख यांनी १९८२ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत बाहेरची परिस्थिती आणि आतली परिस्थिती एकमेकांसमोर ठेवून जोड्या लावतात. आम्ही धोक्यांपासून सुरुवात केली, कारण ताकदीपासून सुरू केलं की यादी कौतुकाची होते. बाहेरचा घटक कोणता, हे ठरवायला एकच कसोटी लावली: आपली विमान कंपनी नसती तरी ही गोष्ट घडली असती का? पहिल्या मसुद्यात ‘कोडशेअर करणे’ हे संधींमध्ये होतं. ती कृती आहे, म्हणून काढली.

धोके
ध१: सर्वांत गजबजलेल्या ४२० किमी मार्गावर दीड वर्षात वेगवान रेल्वे सुरू होईल, प्रवास सव्वादोन तासांचा. आपलं २२ टक्के उत्पन्न याच मार्गाचं आहे.
ध२: जेट कंपन्या आपले कॅप्टन नेत आहेत. गेल्या वर्षी ७ गेले.
ध३: इंधन आणि लीज डॉलरमध्ये, तिकिटं स्थानिक चलनात.

संधी
स१: मोठी कंपनी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून तीन मार्ग सोडते आहे, तिची १८० आसनांची विमानं तिथे भरत नाहीत.
स२: त्याच कंपनीला लांबच्या उड्डाणांसाठी छोट्या शहरांतले प्रवासी हवे आहेत.

बलस्थानं
ब१: ७० आसनांची ९ टर्बोप्रॉप विमानं, ८ वेळापत्रकात, १ राखीव.
ब२: १,३०० मीटरच्या धावपट्टीवर उतरण्याची क्षमता. आपल्या १४ विमानतळांपैकी ५ ठिकाणी जेट उतरूच शकत नाही.
ब३: २५ मिनिटांचा टर्नअराउंड.

कमकुवत बाजू
क१: ३८ कॅप्टन.
क२: आरक्षण प्रणाली इतर कंपन्यांशी जोडलेली नाही, पुढच्या विमानासाठी प्रवाशाला सामान परत घेऊन नव्याने चेक-इन करावं लागतं.
क३: देखभालीचा एकच तळ.

ब–ध (ब२, ब३ × ध१): रेल्वेच्या मार्गावरून वेळेत माघार

आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचा चौकोन हाच. तिथे रोज ६ जाऊन-येऊन फेऱ्या आहेत, प्रत्येक उड्डाण १ तास १० मिनिटांचं. दुपारच्या २ फेऱ्या ५५ टक्केच भरतात. त्या आताच काढल्या तर रोज ४ तास ४० मिनिटं सुटतात. रेल्वे सुरू झाल्यावर आणखी २ काढायच्या. मग सुटलेला वेळ ९ तास २० मिनिटं, म्हणजे जवळपास सव्वा विमान. पहाटेची आणि संध्याकाळची फेरी ठेवायची, कारण त्यांतला बराच प्रवासी पुढे विमानानेच जाणारा आहे. भाडं कमी करून रेल्वेशी झुंजायचा पर्याय आम्ही फेटाळला: रेल्वे थेट शहराच्या मध्यात पोचवते, आपण तसं करू शकत नाही.

ब–स (ब१ × स१): सोडलेल्या मार्गांपैकी एकच घ्यावा

तिन्ही घेण्याचा मोह होईल, आणि त्यासाठी दोन विमानं लीजवर घेण्याचा प्रस्तावही आला आहे. गणित पाहावं. ८ विमानं × रोज ७.५ तास × ३६५ दिवस = २१,९०० तास. रजा, प्रशिक्षण आणि विश्रांतीचे नियम धरून एक कॅप्टन वर्षाला सुमारे ६५० तास देतो, म्हणजे ३४ कॅप्टन लागतात. वेळापत्रकातली विमानं १० झाली की सुमारे ४२ लागतील, आणि दरवर्षी काही जण जातच राहतील. विमान येईल, पण चालवायला माणूस नसेल, आणि लीजचं भाडं डॉलरमध्ये (ध३) चालू राहील. म्हणून दुपारच्या फेऱ्यांतून सुटलेल्या वेळात एका मार्गावर रोज २ फेऱ्या. दुसरा मार्ग रेल्वे सुरू झाल्यावर.

क–स (क२ × स२): कोडशेअर

क्रम असा: आधी आयोसा सुरक्षा ऑडिट, मग आरक्षण प्रणालीची जोडणी, शेवटी एकाच तिकिटावर सामान थेट पुढे. पहिली पायरी टाळू नये. मोठ्या कंपन्या कोडशेअरसाठी बहुधा हे ऑडिट मागतात आणि त्याची नोंदणी दर २४ महिन्यांनी नव्याने करावी लागते. करारात जोडउड्डाण चुकल्यास प्रवाशाचा खर्च कोणी द्यायचा, हे स्पष्ट लिहावं. मोघम राहिलं तर तो भार लहान कंपनीवर येतो.

क–ध (क१ × ध२): कॅप्टन आतूनच घडवणे

आपल्या ११ सहवैमानिकांचे उड्डाणतास १,५०० च्या वर आहेत. त्यांना दर तिमाहीत तिघे, अशा तुकड्यांनी बढतीच्या प्रशिक्षणाला घ्यावं. एकदम सगळे घेतले तर प्रशिक्षक कॅप्टन नेहमीच्या उड्डाणांतून निघतात आणि फेऱ्या रद्द होतात. प्रशिक्षणाच्या बाँडने वैमानिक फार काळ थांबत नाही, कारण बाँडचे पैसे नवी कंपनी भरते. निश्चित रोस्टर आणि घरच्या तळावर मुक्काम यांचा उपयोग जास्त होईल, पण मुक्कामासाठी दुसऱ्या तळावर रात्रीची किरकोळ देखभाल सुरू करावी लागेल (क३).

मंडळाकडून दोन निर्णय हवेत: दुपारच्या फेऱ्या काढण्यास मंजुरी, आणि कॅप्टनांची संख्या ४४ होईपर्यंत नव्या लीजवर बंदी.