दिवाळी अंकाचा फळा: रकाने, मर्यादा आणि आपण पाळायचे नियम

अनिलकाका, मेधाताई, गौरी, सुहास,

सोमवारी १५ जूनपासून अंकाचं सगळं काम एका फळ्यावर दिसेल. खाली लिहिलंय ते सगळं आपल्या गेल्या दोन बैठकांत ठरलेलंच आहे. याची एक प्रत फळ्याशेजारी लावतो आहे, म्हणजे वाद झाला तर आठवणीवर विसंबायला नको.

आधी गेल्या वर्षाचं. सप्टेंबरअखेर २१ मजकूर अर्धवट होते आणि छापायला तयार फक्त ४. अनिलकाकांकडे सहा, माझ्याकडे सहा, बाकीचे टंकन आणि मांडणीत अडकलेले. मग सगळं एकदम पुढे सरकलं आणि मेधाताईंकडे एका आठवड्यात अकरा प्रुफं गेली. त्याच आठवड्यात एका कवितेचं शेवटचं कडवं गळालं आणि तसंच छापलं गेलं. चूक मेधाताईंची नव्हती. एका माणसाने एका आठवड्यात वाचायची ती प्रुफं नव्हतीच. कवींचा फोन मी घेतला होता. तो फोन मला या वर्षी कुणालाच घ्यायला लागू नये.

फळ्याच्या या पद्धतीचं नाव कानबान, म्हणजे जपानी भाषेत पाटी. टोयोटाच्या कारखान्यात ताइइची ओनो यांनी ही पद्धत बसवली. पुढच्या माणसाने सुटे भाग वापरले की त्यांच्यासोबतचं कार्ड मागे जायचं, आणि कार्ड आलं तरच मागचा माणूस तेवढे भाग पुन्हा बनवायचा. अमेरिकेतल्या सुपरमार्केटात गिऱ्हाइकाने उचललं तेवढंच फळीवर भरतात, त्यावरून त्यांना हे सुचलं. आपल्याकडे पंगतीत हेच चालतं. पहिली पंगत उठल्याशिवाय दुसरी बसत नाही, वाढपी कितीही मोकळे असले तरी. आपल्या फळ्यावर एका मजकुराचं एक कार्ड, आणि रकान्यापुढचा आकडा ही त्याची मर्यादा, म्हणजे तिथे एका वेळी तेवढीच कार्डं.

रकाने, डावीकडून उजवीकडे

यादी. मर्यादा नाही. ठरलेले ३६ मजकूर इथे राहतील. वरचं कार्ड आधी घ्यायचं, आणि वर काय ठेवायचं ते सोमवारी ठरेल.

संपादन: ४. अनिलकाका दोन, मी दोन. लेखकाकडे दुरुस्तीला गेलेला मजकूरही याच चारांत मोजायचा. यावर आपलं बरंच बोलणं झालं. काकांचं म्हणणं होतं की लेखक उत्तर देत नाही यात आपला काय दोष, त्यासाठी वेगळा रकाना करू. पण तसा रकाना केला की तो माळा होतो. टाकलेलं दिसत नाही आणि नवीन घ्यायला हात मोकळे वाटतात. म्हणून कार्ड तिथेच राहील, त्यावर लाल टाचणी आणि पाठवल्याची तारीख. सात दिवस झाले की फोन करायचा, मेल नाही. चौदा दिवस झाले की कार्ड यादीत परत जाईल आणि तसं लेखकांना स्पष्ट सांगायचं.

अक्षरजुळणी: १. गौरीचा रकाना. मर्यादा एकच, कारण तिच्याकडे जाहिरातींचाही पाठपुरावा आहे. ज्येष्ठ लेखकांची हस्तलिखितं येतात, ती टाइप करावी लागतात. जुन्या फॉन्टमधल्या फाइली येतात, त्या युनिकोडमध्ये बदलताना जोडाक्षरं आणि रफार इकडचे तिकडे होतात. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र गायब झाला की शब्द ‘दुसया’ दिसतो आणि घाईत डोळा त्यावरून सरळ निघून जातो. बदललेली फाइल मूळ प्रतीशी ओळीओळीने ताडून पाहिल्याशिवाय ‘झालं’ म्हणायचं नाही. कविता असेल तर कडवी मोजून आकडा कार्डावर लिहायचा.

मुद्रितशोधन: २. एक वाचनात, एक रांगेत. तिसरं जाणार नाही, कुणीही सांगितलं तरी. मेधाताई नाशिकहून काम करतात, म्हणून त्यांची कार्डं सुहास सरकवेल, पण त्यांचा निरोप आल्यावरच.

मांडणी: २. सुहास. पान लागल्यावर मेधाताईंचं शेवटचं वाचन याच रकान्यात धरलंय, वेगळं नाही.

छापायला तयार. मर्यादा नाही. इथून कार्ड मागे येत नाही.

प्रत्येक रकान्याला खाली ‘झालं’ अशी पट्टी आहे. काम संपलं की कार्ड त्या पट्टीत ठेवायचं, पुढच्या रकान्यात ढकलायचं नाही. पुढच्या माणसाकडे जागा झाली की तो स्वतः ओढून घेईल. तोवर ते कार्ड तुमच्याच मर्यादेत मोजलं जाईल. हे सुरुवातीला अन्यायाचं वाटेल: ‘माझं तर झालंय.’ पण अंकाचं झालेलं नसतं.

मर्यादा भरली तर

समजा संपादनात चार कार्डं आहेत, त्यातली दोन ‘झालं’मध्ये आणि दोन लेखकांकडे. मी मोकळा आहे. अशा वेळी नवीन लेख उघडायचा नाही. उजवीकडे बघायचं. गौरीची फाइल ताडायला बसायचं, ती वाचेल, मी मूळ प्रत धरेन. नाहीतर लेखकांना फोन करायचे. गेल्या वर्षी नेमकी इथेच आपली सवय वाईट होती. हात रिकामा दिसू नये म्हणून आपण नवं काम घ्यायचो.

चारही मर्यादांची बेरीज ९. आपल्या हातून आठवड्याला साधारण तीन मजकूर पूर्ण होतात. गेल्या वर्षी २१ हातात होते, म्हणजे एक मजकूर सरासरी सात आठवडे अडकून राहायचा. नऊच हातात असतील तर त्याच वेगाने तीन आठवडे. हे जॉन लिटल यांचं सूत्र आहे, १९६१ साली त्यांनी ते सिद्ध केलं. कुणीही जास्त राबायची गरज नाही, फक्त कमी सुरू करायचं.

पिवळं कार्ड

जाहिरातींवर अंक उभा आहे, आणि त्या आयत्या वेळी येतात. अशा तातडीच्या कामाला पिवळं कार्ड. ते मर्यादा ओलांडून जाऊ शकतं, पण फळ्यावर एका वेळी एकच. दुसरं लावायचं असेल तर पहिलं संपू द्या. लेखकाशी ओळख आहे, हे पिवळ्या कार्डाचं कारण होत नाही.

रोजचं

कार्डावर मजकुराचं नाव, अंदाजे पानं, सध्या कोणाकडे, आणि संपादनात आल्याची व तयार झाल्याची तारीख. संध्याकाळी साडेसहाला सुहास फळ्याचा फोटो ग्रुपवर टाकेल. सोमवारी सकाळी पंधरा मिनिटं फळ्यासमोर उभं राहून, मेधाताई फोनवर. उजव्या टोकापासून सुरुवात करायची, कारण जे संपत आलंय ते आधी संपवायचं. मर्यादा बदलायची असेल तर याच बैठकीत, पाचही जणांच्या संमतीने. मधल्या दिवशी आकडा खोडायचा नाही, मीसुद्धा नाही.

तारखा

गणपती १४ सप्टेंबरला बसतात. त्या आठवड्यात संपादनाची मर्यादा २ राहील, बाकीच्या तशाच. सगळी पानं १२ ऑक्टोबरला छपाईला जातील. दसरा २० ऑक्टोबरला आहे आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. दसऱ्यानंतर छापखान्यात आपल्याला जागा मिळत नाही हे आपण दोनदा अनुभवलंय.

पहिल्या दिवशी फळ्यावर

संपादनात तीन कार्डं: अनिलकाकांकडे कोकणातल्या कातळशिल्पांवरचा लेख आणि एक दीर्घकथा, माझ्याकडे ऊसतोड कामगारांवरचा वृत्तांत, लाल टाचणीसह, लेखकांकडे ९ जूनला गेलेला. अक्षरजुळणीत एक: सोळा पानी हस्तलिखित आठवणी. मुद्रितशोधन आणि मांडणी रिकामी. मेधाताई, तो रिकामा रकाना बघून कुणी तुम्हाला आधीच काही वाचायला पाठवलं तर परत पाठवा. सुहास, तुझ्याकडे पहिल्या आठवड्यात पान नाही, तेव्हा गौरीच्या हस्तलिखिताची मूळ प्रत तू धर. वृत्तांताचे सात दिवस मंगळवारी भरतात. तो फोन मी करतो.