शाहू जयंतीच्या भाषणाचा समारोप, कुठेही थांबवता येईल असा

२६ जून, दसरा चौक, संध्याकाळचा कार्यक्रम. विषय: शिकायला आलेल्या मुलामुलींची राहायची-जेवायची सोय. मला वीस मिनिटं दिली आहेत, पण आधी सत्कार आणि पाहुण्यांचं मनोगत आहे. चिठ्ठी येणार हे धरूनच चालायचं. आली की हातातलं वाक्य पुरं करायचं, उरलेली पानं पालथी घालायची आणि थेट इथे यायचं. "वेळेअभावी" म्हणायचं नाही. लोकांना आपलं काहीतरी हुकलं असं वाटत राहतं.

"मंडळी, मी आज एक गोष्ट मागायला उभी आहे. चंदगड, गगनबावडा, शाहूवाडी, भुदरगडकडची मुलंमुली येत्या काही दिवसांत कोल्हापुरात कॉलेजला येतील. त्यांच्यातल्या एकाची राहायची किंवा जेवायची सोय तुमच्या घरानं वर्षभर उचलावी. एकट्याला झेपत नसेल तर गल्लीतल्या तीन-चार घरांनी मिळून एकाची मेस भरावी. दारापाशी टेबलावर वही ठेवली आहे. जाताना नाव, फोन नंबर आणि काय जमेल ते लिहा."

(निवेदक माईकपाशी येऊन उभेच राहिले तर एवढ्यावर "नमस्कार" आणि खाली. मागायचं ते मागून झालेलं आहे. थोडी सवड दिसली तर न थांबता पुढे.)

"हे मागणं या चौकाला नवीन नाही. बाहेर महाराजांचा पुतळा आहे आणि त्याच्या भोवती बोर्डिंगं आहेत. १९०१ मध्ये मराठा बोर्डिंग आणि जैन बोर्डिंग सुरू झालं, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. लिंगायत बोर्डिंगही याच चौकात. खेड्यातलं पोर शहरात आलं की रात्री झोपणार कुठं आणि खाणार काय, याची काळजी दरबारानं वाहिली. आता ती आपण वाहायची. वही दारापाशी आहे. धन्यवाद."

(दोन मिनिटं मिळत असतील तर "आता ती आपण" इथून पुढचं सोडायचं आणि हे घ्यायचं.)

"२६ जुलै १९०२ ला महाराजांनी संस्थानातल्या रिकाम्या होणाऱ्या निम्म्या जागा मागासलेल्या समाजांसाठी राखल्या. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. या दोन्ही गोष्टी आपण दर वर्षी बोलतो, बोलायलाच हव्यात. पण राखलेल्या जागेवर बसायला शिकलेला मुलगा लागतो आणि शिकायला शहरात यायचं तर पाठ टेकायला जागा लागते. बोर्डिंग वजा केलं असतं तर हुकूम कागदावरच राहिला असता.

आमच्या गल्लीत कॉट बेसिसवर चंदगड भागातली एक मुलगी राहायची. बीएस्सीला होती. खानावळीचा एकच डबा लावलेला. दुपारी दोन चपात्या खायची, दोन झाकून ठेवायची. पावसाळी हवेत भाजी रात्रीपर्यंत आंबायची, मग चपाती आणि शेंगदाण्याची चटणी. कुणाला बोलली नाही. घरमालकीण काकूंनी एकदा डबा घासायला घेतला तेव्हा वासावरून त्यांच्या लक्षात आलं. त्या दिवसापासून रात्रीचं ताट काकूंकडे. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, 'दोन भाकरी जादा थापायच्या, त्यात काय एवढं!'"

(डब्याचं सांगताना घंटा वाजली तर मधलं सगळं गाळून "त्या दिवसापासून रात्रीचं ताट काकूंकडे" या वाक्यावर यायचं. ते वाक्य सुटता कामा नये. काकूंचं नाव घ्यायचं नाही, मुलीचंही नाही. दोघींना विचारलेलं नाही.)

"अशा दोन भाकऱ्या ज्या घरात थापता येतात, त्या घरानं आज वहीत नाव लिहावं. खोली रिकामी असेल तर खोली लिहा. रात्रीचं जेवण जमणार असेल तर तेवढंच लिहा. फक्त परीक्षेच्या महिन्यात जमणार असेल तर तसं स्पष्ट लिहा, म्हणजे मुलांना खोटी आशा लागणार नाही. आणि एक कळकळीची विनंती: जात विचारून, आडनाव बघून मूल निवडायचं नाही. येत्या रविवारी आम्ही बसून नावं जुळवू आणि कुठल्या घरी कोण येणार ते तुम्हाला फोनवर कळवू. धन्यवाद."

(निवेदकांनी मध्येच आभार सुरू केले तर त्यांच्याकडूनच वहीची घोषणा करून घ्यायची. त्यासाठी वेगळी चिठ्ठी लिहून त्यांच्या हातात आधीच द्यायची: "दारापाशी वही आहे. विद्यार्थ्याच्या जेवणासाठी किंवा राहण्यासाठी नाव नोंदवा.")