आईस, तुझ्या लग्नाविषयी

नाशिक,
१७ जानेवारी २०२६

ती. आईस,
सा. नमस्कार.

परवा फोनवर तू सगळं सांगितलंस आणि शेवटी विचारलंस, "तुला चालेल ना गं?" तेव्हा घरात पाहुणे होते, मला धड बोलता आलं नाही. म्हणून पत्र लिहितेय. शिवाय पत्र तुला परत काढून वाचता येईल आणि दादालाही दाखवता येईल.

आई, मला चालेल का, हा प्रश्नच नको. मला मनापासून आनंद झालाय. वसंतकाकांशी लग्न कर, आणि उजळ माथ्याने कर.

बाबा गेल्यापासून तू कशी जेवतेस ते मी पाहत आलेय. मी सांगलीला आले की साग्रसंगीत स्वयंपाक. मी एकदा मात्र न कळवता आले, तेव्हा तू ओट्याशी उभी राहून पातेल्याच्या झाकणावर भाकरी आणि सकाळची आमटी घेऊन जेवत होतीस. ताटसुद्धा घेतलं नव्हतंस. "एकटीसाठी कशाला भांडी काढायची," म्हणालीस. बाबांना वाढल्याशिवाय न जेवणारी आणि बाबाही जिच्यासाठी थांबायचे, ती तू. या दिवाळीत काका फराळाला आले होते. तू शाळेतला कुठलासा जुना किस्सा सांगत होतीस आणि मध्येच कुकरची शिट्टी झाली म्हणून उठलीस. परत आल्यावर काकांनी विचारलं, "मग त्या मुलाचं पुढे काय झालं?" आम्हा दोघांना तो किस्सा पाठ आहे, म्हणून आम्ही कधी विचारत नाही. तू खुर्ची ओढून बसलीस आणि पहिल्यापासून सांगितलास. तुझा तो चेहरा मी फार वर्षांनी पाहिला.

आत्याचा मलाही फोन आला होता. "या वयात हे काय, पोरीच्या सासरचे काय म्हणतील," असं बरंच काही. सासरचं मी तुला सांगते. सासूबाईंना मी स्वतः सांगितलं. त्या जरा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "माणूस चांगला आहे ना? मग झालं." मामंजींना अजून अवघड जातंय, ते मी पाहीन. त्याची काळजी तू करायची नाहीस.

आणि तू कोणाला घाबरतेस? १८९३ साली अण्णासाहेब कर्व्यांनी विधवा असलेल्या गोदूबाईंशी लग्न केलं आणि मुरूडकरांनी त्यांना वाळीत टाकलं, हे तूच वर्गात शिकवायचीस. २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने कुंकू पुसायची, बांगड्या फोडायची प्रथा बंद करायचा ठराव केला, तेव्हा मला फोन करून बातमी वाचून दाखवलीस. आवाज भरून आला होता तुझा. तरी गेल्या संक्रांतीला माझ्याकडच्या हळदीकुंकवात तू आत ओट्यापाशी वाणाची पाकिटं भरत राहिलीस. कुंकू परत लावता यावं म्हणून लग्न कर, असं मी म्हणत नाही. ते तुला आजही लावता येतं. तुला सोबत हवी आहे, एवढं कारण पुरेसं आहे.

आता जे मला अजिबात पटलेलं नाही ते. "लग्नाआधी घर तुम्हा दोघांच्या नावावर करून देते," म्हणालीस. आई, बक्षीसपत्र करायचं नाही. अशा कुठल्याही कागदावर सही करू नकोस, दादाने आणला तरी नाही. बाबांमागे त्या घरात तुझा, दादाचा आणि माझा सारखा वाटा आहे. पुन्हा लग्न केलंस म्हणून तुझा वाटा जात नाही, तो कायमचा तुझा आहे. बाईने स्वतःचं छप्पर देऊन मुलांची परवानगी विकत घ्यायची, हे मला फार लागलं. तुला आमच्यासाठी काही करायचंच असेल तर मृत्युपत्र कर. नाहीतर उद्या तुझ्या वाट्यात काका, दादा आणि मी असे तिघे वारस होऊ आणि विनाकारण मनं दुखावतील. मृत्युपत्र हयातीत केव्हाही बदलता येतं, बक्षीसपत्र दिलं की दिलं. काकांनीही त्यांच्या फ्लॅटचं तसंच करावं, म्हणजे त्यांच्या मुलालाही घोर नाही.

पेन्शनचं विचारलं होतंस. तुझी स्वतःची शिक्षिकेची पेन्शन तुझ्या नोकरीची आहे, तिला धक्का नाही. बाबांच्या कंपनीमुळे पीएफ ऑफिसकडून येते ती विधवा पेन्शन मात्र पुनर्विवाह झाला की बंद होते. लग्न झाल्यावर तसं रीतसर कळवून टाकू. तेवढ्या पैशासाठी "लग्न नको, नुसतं एकत्र राहू" हा आत्याच्या सुनेने सुचवलेला मार्ग तू धरू नयेस असं मला वाटतं. ज्यांना तसं राहायचंय त्यांनी खुशाल राहावं. पण तुला लग्न करायचंय, आणि उद्या दोघांपैकी एकाला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर "आपण कोण?" या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता यावं.

रजिस्टर लग्नाची काकांची कल्पना मला आवडली. विशेष विवाह कायद्याखाली आधी नोटीस द्यावी लागते, ती तीस दिवस कार्यालयात लावतात, आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत लग्न करायचं. बोर्डावर नाव लागणार म्हणून तू बिचकतेयस. लागू दे. हरकत घ्यायची तर कायद्यातलंच कारण लागतं. नातेवाइकांना पसंत नाही, हे कारण तिथे चालत नाही. वयाचे आणि पत्त्याचे पुरावे, फोटो, आणि बाबांचा व काकूंचा मृत्यूचा दाखला, एवढं काढून ठेव. बाबांचा दाखला लोखंडी कपाटात विम्याच्या फाइलमध्ये आहे. तो हातात घेताना तुला रडू येईल. येऊ दे. त्या दिवशी काकांना बोलावून घे, एकटी बसू नकोस.

बाबांचा फोटो हॉलमधून हलवायचा नाही. काकूंचाही आणून शेजारी लावा. काकांना मी बाबा म्हणणार नाही, ते मी त्यांनाही सांगितलंय. ते म्हणाले, "काकाच म्हण, मला सवय झालीय." त्या उत्तरामुळे मला ते आणखी आवडले.

दादा घुम्यासारखा वागतोय, पण तो वाईट नाही. बाबांची जागा कोणी घेतंय असं त्याला वाटतंय आणि ते त्याला बोलता येत नाही. त्याच्याशी मी बोलते. त्याची समजूत पटेपर्यंत तारीख पुढे ढकलत बसू नकोस.

तीन साक्षीदार लागतात. त्यातली एक सही माझी, ही जागा दुसऱ्या कोणाला द्यायची नाही. नोटीस कधी देताय ते कळव, म्हणजे मला रजेचा अर्ज टाकता येईल. आदल्या दिवशी मुक्कामालाच येते, हे आणि चिनूही येतील. तुझ्यासाठी मोतिया रंगाची इरकल घेतलीय, लाल काठाची. ब्लाउजचं माप पाठव.

काकांना नमस्कार सांग.

तुझी,
मनीषा