अभ्यासिकेतील मासिक आसन बंद करण्याबाबत

मा. व्यवस्थापक यांस,
सप्रेम नमस्कार.

सदाशिव पेठेतील आपल्या अभ्यासिकेत मुलींच्या विभागातील आसन क्रमांक 47 आणि त्यासोबतचा लॉकर माझ्या नावे आहे. या महिन्याच्या 30 तारखेपर्यंतचे शुल्क मी भरलेले असून त्यानंतर आसन पुढे चालू ठेवणार नाही. आसन सोडताना 15 दिवस आधी लेखी कळवावे, या आपल्या नियमानुसार हा संदेश आजच, 14 तारखेला, पाठवत आहे. कृपया पुढील महिन्याची पावती माझ्या नावे काढू नये.

राज्यसेवा पूर्व परीक्षेसाठी मी लातूर केंद्र निवडले आहे. परीक्षेच्या आदल्या दिवशी पुण्याहून प्रवास करून जाण्यापेक्षा शेवटचे आठवडे गावी राहून, सकाळी सामान्य अध्ययन आणि दुपारी सीसॅट असे दोन-दोन तासांचे दोन्ही पेपर घड्याळ लावून एकाच दिवशी सोडवण्याचा सराव करणे मला अधिक गरजेचे वाटते. आसन सोडण्यामागे एवढेच कारण आहे, सोयींबद्दल माझी कोणतीही तक्रार नाही. उलट रात्री अकरापर्यंत मुलींचा विभाग उघडा ठेवून आपण दारात मावशींना थांबवत होतात, त्यामुळे माझे आईवडील गावी निर्धास्त होते, हे मला आवर्जून नमूद करावेसे वाटते.

प्रवेशाच्या वेळी भरलेली 1,000 रुपयांची अनामत, पावती पाहून, मी ज्या फोन क्रमांकावरून दरमहा शुल्क पाठवत असे त्याच क्रमांकावर 30 तारखेपर्यंत परत करावी, ही विनंती. मी 28 तारखेला संध्याकाळी लॉकर रिकामा करून त्याच्या दोन्ही किल्ल्या आणि ओळखपत्र कार्यालयात जमा करीन. त्याच वेळी लॉकर व टेबलाची पाहणी करून किल्ल्या मिळाल्याची सही द्यावी. दारावरील यंत्रातील माझ्या बोटाच्या ठशाची नोंद 30 तारखेनंतर काढून टाकावी आणि आधारकार्डाची झेरॉक्स प्रत मला परत द्यावी. या दोन्ही गोष्टी माझ्यासाठी अनामतीइतक्याच महत्त्वाच्या आहेत.

परीक्षा जवळ आली की प्रतीक्षायादीतल्या मुली रोज चौकशीला येतात, हे मी पाहते. 28 तारखेच्या संध्याकाळनंतर मी आसन वापरणार नाही, त्यामुळे उरलेल्या दोन दिवसांचे शुल्क मी परत मागत नाही, पण हे आसन यादीतील पहिल्या मुलीला लगेच द्यावे; तिचे तेवढे दिवस तरी वाया जाऊ नयेत. त्या टेबलाचा चार्जिंगचा सॉकेट सैल झाला आहे, तो ती येण्याआधी बदलून घेतल्यास बरे होईल.

मुख्य परीक्षेसाठी पुण्यात परतावे लागल्यास मी नव्याने नाव नोंदवीन, माझ्यासाठी आसन राखून ठेवू नये. हा संदेश मिळाल्याचे व अनामत कोणत्या तारखेला जमा होईल ते कृपया लेखी कळवावे.

आपली विश्वासू,
स्नेहल
आसन क्रमांक 47, मुलींचा विभाग